पाखाडी नकाशावर चढवताना

कोकणातल्या डोंगरउतारावरच्या कुठल्याही गावाचा नकाशा मोबाइलवर उघडून पाहा. डांबरी रस्ता दिसेल, त्याची वळणं दिसतील, शाळा दिसेल, एखादं मोठं देऊळही दिसेल. गाव ज्या वाटांनी रोज चालतं त्या मात्र बहुतेक वेळा नसतात. खालच्या वाडीतला माणूस जांभ्या चिऱ्यांची पाखाडी चढून दहा मिनिटांत वरच्या वाडीत पोचतो. नकाशाला विचारलं, तर तो त्याच माणसाला तीन किलोमीटरचा वळसा घालायला सांगतो, कारण त्याच्या लेखी मधे नुसती झाडी आहे. पाखाडीच्या वळणावरची घुमटी आणि वर काजूच्या बागेला लागून असलेलं कौलारू देऊळ, याही त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी.

ही वाट नकाशावर आणायला कुणाची परवानगी लागत नाही, असा एक नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. तिथल्या सरकारी नकाशांची माहिती वापरायला पैसे आणि अटी दोन्ही लागत, म्हणून लोकांनी स्वतः हिंडून आपला नकाशा काढावा, अशी ती कल्पना होती. आज openstreetmap.org वर खातं उघडलं की कुणीही त्यात भर घालू शकतं, असलेलं दुरुस्तही करू शकतं. त्यातली माहिती कुणालाही उतरवून घेता येते. श्रेय द्यायचं आणि तिच्यावरून तयार केलेला माहितीसाठा खुला ठेवायचा, अशा अटी आहेत. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडसारखी अ‍ॅपं हीच माहिती घेऊन चालतात. म्हणजे आपण एकदा ओढलेली रेघ पुढे अनेक ठिकाणी दिसते, आणि चुकीची ओढली तर चूकही तितक्याच ठिकाणी जाते.

रेघ ओढणं हा यातला सोपा भाग. संगणकावर नकाशाच्या पानावरचं संपादनाचं बटण दाबलं की ‘आयडी’ नावाचा संपादक उघडतो. खाली उपग्रहचित्र असतं आणि वर बिंदू, रेघ आणि क्षेत्र काढायची साधनं. मात्र नुसत्या रेघेला काही अर्थ नसतो. ती रस्ता आहे, ओढा आहे की विजेची तार, हे तिला जोडलेल्या टॅगवरून ठरतं. टॅग म्हणजे बरोबरच्या चिन्हाने जोडलेली इंग्रजी शब्दांची जोडी: डावीकडे गुणधर्म, उजवीकडे त्याचं मूल्य. रस्ता सुचवणारं अ‍ॅप चित्र पाहत नाही, ते या जोड्या वाचतं. पाखाडीला घाईत `highway=residential` लावलं, तर पडद्यावर पांढरी ठसठशीत रेघ उमटते आणि काढणाऱ्याला समाधान वाटतं. पुढच्या मे महिन्यात कुणीतरी मुंबईकर गाडी घेऊन पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.

गुहागर तालुक्यातल्या एका गावातली अशीच एक पाखाडी मी नकाशावर घातली. लांबी जेमतेम चारशे मीटर, पण तेवढ्यात वाट चार वेळा स्वभाव बदलते. खाली डांबरी रस्त्यापासून पहिला तुकडा ग्रामपंचायतीने सिमेंटचा केला आहे. मग पऱ्ह्यावरचा साकव लागतो. साकव ओलांडला की जांभ्याच्या पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्या की काजूंमधून गेलेली मातीची वाट, ती वरच्या वाडीतल्या रस्त्याला मिळते.

अशी वाट घरी बसून उपग्रहचित्रावरून काढता येत नाही, निदान कोकणात तरी नाही. आंबा, फणस, काजू यांची सावली इतकी दाट असते, की खालची वाट चित्रात उमटतच नाही. जी बारीक फिकट रेघ दिसते ती कित्येकदा उन्हाळ्यात कोरडा पडलेला पऱ्ह्या असतो, नाहीतर गुरांची चाकोरी. म्हणून आधी चालायचं. फोनवर वाटेची नोंद करणारं अ‍ॅप चालू ठेवायचं आणि पाखाडी चढून पुन्हा उतरायची. झाडांखाली फोनचा जीपीएस दहा-पंधरा मीटर सहज चुकतो. चढतानाची आणि उतरतानाची नोंद एकमेकींवर ठेवली की दोन वेड्यावाकड्या रेघा दिसतात, आणि खरी वाट साधारण त्यांच्या मधून जाते. साकव, पहिली पायरी, शेवटची पायरी, घुमटी, अशा जागी थोडं थांबून फोटो काढायचा. फोटोत जागेची नोंद राहते आणि घरी गेल्यावर आठवणीवर विसंबावं लागत नाही. पायऱ्या मोजायच्या असतील तर त्या उतरताना मोजाव्यात. चढताना दम लागला की आकडा हरवतो.

गुगलच्या नकाशावर पाहून काही उतरवायचं नाही, हा इथला कडक नियम. तो नकाशा दुसऱ्याच्या मालकीचा आहे आणि त्यातून घेतलेली माहिती सापडली तर ती काढून टाकली जाते. देवळाचं नावसुद्धा तिथून घ्यायचं नाही. ते पाटीवरून वाचावं किंवा गावात विचारावं. आयडी संपादकात जी उपग्रहचित्रं दिसतात ती वापरायला मुभा दिलेली असते, त्यामुळे त्यांची चिंता नाही.

चिंता वेगळीच असते. उपग्रहचित्र जमिनीवर अगदी नेमकं बसलेलं असतं असं नाही. डोंगराळ भागात ते काही मीटर सरकलेलं असतं, आणि खालच्या वाडीत एका बाजूला सरकलेलं चित्र वरच्या वाडीत वेगळ्याच बाजूला सरकलेलं असू शकतं. हे कसं ओळखायचं? एखादा उघडा, सरळ रस्ता निवडायचा, त्यावरून बऱ्याच जणांनी चालून किंवा गाडीने जाऊन केलेल्या जीपीएस नोंदी नकाशावर दाखवायला सांगायच्या आणि त्या चित्रातल्या रस्त्यावर बसतात का ते पाहायचं. सगळ्याच एका बाजूला पडत असतील तर चित्र सरकलेलं आहे. आयडीत पार्श्वभूमीच्या खिडकीतून ते हवं तेवढं हलवता येतं. हे न करता चित्रावरून देऊळ काढलं आणि जीपीएसवरून वाट काढली, तर वाट देवळाच्या गाभाऱ्यातून जाते. असले नकाशे मी पाहिले आहेत.

आता रेघ. डांबरी रस्त्यापासून सुरुवात करताना पहिला बिंदू रस्त्याच्या रेघेवरच टेकवायचा, जवळ नव्हे. पडद्यावर दोन्ही रेघा चिकटलेल्या दिसल्या तरी त्यांचा बिंदू सामाईक नसेल, तर अ‍ॅपला ती पाखाडी म्हणजे कुठेच न जोडलेला तुकडा वाटतो आणि ते पुन्हा तीन किलोमीटरचा वळसा सांगतं. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच असावी. आयडी अशा वेळी इशारा देतो, पण लोक तो वाचत नाहीत. वरच्या टोकालाही तसंच, वाडीच्या रस्त्याला जोडूनच रेघ संपवायची.

चारशे मीटरची एक रेघ झाली, की ती वाटेचा स्वभाव बदलतो तिथे तोडायची. तिथला बिंदू निवडून कीबोर्डवर X दाबलं की रेघेचे दोन भाग होतात, पण ते एकमेकांना जोडलेलेच राहतात. आता प्रत्येक तुकड्याचे टॅग वेगळे. सिमेंटच्या तुकड्याला:

```
highway=footway
surface=concrete
```

`footway` म्हणजे मुख्यतः चालणाऱ्यांसाठीची वाट. याच्या शेजारी `highway=path` हाही एक पर्याय दिसतो आणि कुठला घ्यावा यावर जगभरचे नकाशेकार वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. मी ठेवलेला ठोकताळा असा: मुद्दाम बांधलेली, चालण्यासाठीची वाट असेल तर `footway`, पायांनी पडलेली, रानातून जाणारी असेल तर `path`. यात एक खाचही आहे. `path` लिहिलं की बऱ्याच अ‍ॅपांच्या समजुतीप्रमाणे तिथून सायकलही जाऊ शकते. तेव्हा जिथे सायकल नेणं शक्यच नाही तिथे `path` लिहिताना हे ध्यानात असावं. आणि मोटारसायकली दोन्हीवर चालत नाहीत असं धरलं जातं. गावातली पोरं पायवाटेवरून बाइक नेतात हे आपल्याला माहीत असतं, नकाशाला नसतं. तसं खरोखर रोज होत असेल तर `motorcycle=yes` वेगळं लिहावं लागतं.

साकवाचा तुकडा जेमतेम पाच-सहा मीटरचा, पण तो वेगळा तोडायलाच हवा:

```
highway=footway
bridge=yes
layer=1
```

`layer=1` म्हणजे ही रेघ खालच्या पऱ्ह्याच्या वरून जाते. ते नसेल तर नकाशाच्या हिशेबात वाट आणि पाणी एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात, आणि तपासणी करणारी साधनं तिथे चूक दाखवतात. साकवाच्या बिंदूवर पऱ्ह्या आणि वाट जोडायची नाही, ती चूक तर हमखास होते. उलट, साकव नसून पाण्यातून दगडांवर पाय टाकत जायचं असेल, तर मात्र दोन्ही रेघा एका बिंदूवर जोडायच्या आणि त्या बिंदूला `ford=yes` लावायचं.

पायऱ्यांना `highway=steps`. या टॅगमुळे चाकाच्या खुर्चीचा मार्ग काढणारं अ‍ॅप ही वाट टाळतं आणि गुडघेदुखीवाल्या माणसाला आधीच कळतं.

```
highway=steps
step_count=84
incline=up
surface=sett
handrail=no
```

`incline=up` लिहिताना रेघ कुठल्या दिशेने काढली होती ते पाहायचं. रेघेला दिशा असते, बारीक बाणांनी ती दिसते; खालून वर काढलेली असेल तरच `up` बरोबर. जांभ्याच्या पाखाडीचा पृष्ठभाग काय लिहायचा हा मला पडलेला खरा प्रश्न. या यादीत जांभा नाही. `sett` म्हणजे घडवून, ओळीत बसवलेले दगड. `unhewn_cobblestone` म्हणजे न घडवलेले. पाखाडीचे चिरे तासलेले होते म्हणून मी `sett` लिहिलं. जुन्या, झिजलेल्या, मधूनमधून गोटे भरलेल्या पाखाडीला कुणी दुसरं लिहिलं तर त्यालाही चूक म्हणता येणार नाही. पावसाळ्यात शेवाळाने ती किती निसरडी होते, हे सांगणारी सोय मात्र या पाच ओळींत नाही. ते `description` मध्ये एका वाक्यात लिहून ठेवता येतं, अ‍ॅप ते वाचेलच असं नाही.

मातीच्या तुकड्यावर गडगा आडवा येतो, आणि त्यात बांबूचं बेडं. वाट आणि गडगा छेदतात तिथल्या बिंदूला `barrier=gate`. इथे कागदावर न येणारा एक प्रश्न उभा राहतो. ही वाट कुणाच्या तरी बागेतून जाते. मालक पिढ्यान्‌पिढ्या लोकांना जाऊ देतो, पण ती सार्वजनिक आहे असं तो म्हणणार नाही. अशासाठी `foot=permissive` हे मूल्य आहे: परवानगी आहे, हक्क नाही. विचारल्याशिवाय मी ते लिहिलं नाही. बागेत पालापाचोळा गोळा करणाऱ्या मालकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “जातात हो सगळे. फक्त बेडं लावून जा म्हणावं.” नकाशावर वाट आली म्हणून वहिवाटीचा हक्क सिद्ध होत नाही आणि नसली म्हणून जातही नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर जमिनीवर जे दिसतं ते लिहायचं असतं. वादाचा निकाल लावायला तो नकाशा बसलेला नाही. ज्या अंगणातून लोक गेलेले मालकाला चालत नाहीत, ती वाट काढलीच तर `access=private` लावून काढावी.

आता देवळं. पाखाडीवर दोन आहेत आणि दोन्हींना एकच टॅग लावणं सोपं असलं तरी बरोबर नाही. वरचं कौलारू देऊळ: चार भिंती, पुढे बसायला जागा, रोज दिवा लागतो, वर्षातून एकदा पालखी येते. त्याचं छप्पर उपग्रहचित्रात दिसतं, म्हणून त्याचा चौकोन काढायचा, आयडीत Q दाबून कोपरे काटकोनात आणायचे, आणि टॅग त्या चौकोनालाच लावायचे:

```
amenity=place_of_worship
religion=hindu
building=temple
```

इथे दोन गोष्टी वेगळ्या नोंदल्या आहेत. `building=temple` म्हणजे देवळासारखी बांधलेली इमारत. `amenity=place_of_worship` म्हणजे तिथे आज पूजा होते. पूजा बंद पडलेलं जुनं देऊळ असेल तर पहिला टॅग राहतो, दुसरा जातो. याउलट घराच्या एका खोलीत भजनी मंडळाने देव बसवला असेल तर दुसरा लागतो, पहिला नाही. आणि चौकोन काढल्यावर त्याच्यावर पुन्हा वेगळा बिंदू टाकून तेच टॅग लिहायचे नाहीत. एका देवळाची दोन देवळं होतात आणि शोधताना दोन्ही येतात.

`denomination` अशी एक रिकामी चौकट आयडी पुढे करतो. शैव, वैष्णव, शाक्त वगैरे मूल्यं तिथे लिहिता येतात. महादेवाच्या देवळाला `shaivism` लिहिता येईल. पण वाडीच्या राखणदाराला, चव्हाट्याला, म्हसोबाला कुठल्या पंथात बसवायचं? चौकट दिसते म्हणून ती भरलीच पाहिजे असं नाही. मी रिकामी ठेवली.

वळणावरची घुमटी वेगळी गोष्ट आहे. कमरेएवढी उंच, आत एक शेंदूर लावलेला पाषाण, आत शिरायला जागा नाही, येणारा-जाणारा हात जोडून पुढे होतो. वाटेकाठच्या अशा देवस्थानांसाठी `historic=wayside_shrine` हा टॅग आहे. त्यातल्या `historic` शब्दाने गोंधळायचं कारण नाही, घुमटी गेल्या वर्षी बांधलेली असली तरी हाच टॅग चालतो.

```
historic=wayside_shrine
religion=hindu
```

हे एका बिंदूला लावायचं, आणि बिंदू वाटेच्या रेघेवर ठेवायचा नाही, तिच्या शेजारी ठेवायचा. रेघेवर ठेवला तर घुमटी वाटेच्या मधोमध उभी आहे असा अर्थ होतो. इमारतीचा टॅग इथे नको. झाडाखाली नुसता पाषाण असेल, छप्पर काहीच नसेल, तरी हेच. काही लोक घुमटीला मुद्दाम `place_of_worship` लावतात, कारण मग नकाशावर ओंकाराचं चिन्ह उमटतं आणि ते जरा लांबूनही दिसतं. चिन्ह हवं म्हणून टॅग बदलण्याची ही सवय वाईट, कारण दुसरं अ‍ॅप त्याच टॅगवरून तिथे पन्नास माणसं बसतील असं देऊळ आहे समजतं.

नावाची चौकट देवळासाठी आहे, देवळाच्या वर्णनासाठी नाही. ‘लहान देऊळ’ हे नाव नव्हे. नाव नसेल तर `name` रिकामं ठेवायचं. असेल तर पाटीवर आहे तसं देवनागरीत `name:mr` मध्ये लिहायचं, रोमन लिपीत `name:en` मध्ये. नुसत्या `name` मध्ये कुठली लिपी घालावी यावर भारतात एकवाक्यता नाही; आसपासच्या नोंदी पाहून त्यांच्याशी जुळतं घ्यावं आणि दुसऱ्याने लिहिलेलं केवळ आवडत नाही म्हणून बदलू नये. पाटीवर ‘श्री’, ‘देव’, ‘प्रसन्न’ असं बरंच असतं. गावात ज्या नावाने देऊळ विचारलं तर वाट दाखवतात ते नाव `name:mr` मध्ये, आणि पाटीवरचं लांबलचक नाव हवंच असेल तर `official_name` मध्ये.

जतन करताना एक ओळ मागतात: काय केलं, कशावरून केलं. ‘अपडेट’ असं लिहून उपयोग नाही. “पाखाडी, साकव, देऊळ आणि घुमटी जोडली; स्वतः चालून जीपीएस नोंद” असं लिहिलं, की वर्षभराने तपासणाऱ्याला कळतं की हे चित्रावरून अंदाजाने काढलेलं नाही. कुणीतरी अनुभवी माणसाने नजर टाकावी अशी विनंती करायची एक खूणही तिथेच असते. ती केली, तरी कुणी बघेलच याची हमी नाही.

ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वतःच्या पानावर पाखाडी काही मिनिटांत तांबड्या तुटक रेघेने दिसू लागली. फोनमधल्या अ‍ॅपात ती यायला वेळ लागतो, कारण ही अ‍ॅपं ठरावीक काळाने नकाशाची नवी प्रत काढतात आणि आपण ती पुन्हा उतरवून घ्यावी लागते. काही आठवडे धरून चालावं. तोपर्यंत अ‍ॅप वळसाच सांगत राहिलं म्हणून पुन्हा जाऊन तीच रेघ दुसऱ्यांदा ओढू नये. नवी प्रत आल्यावर मात्र खालच्या वाडीपासून वरच्या वाडीपर्यंत चालत जायचा मार्ग मागून पाहायचा. तो पाखाडीने गेला, तर सगळे सांधे जुळले आहेत. साकवाशी येऊन थबकला, तर तिथला बिंदू तुटलेला आहे. आणि त्याच दोन टोकांमध्ये मोटारीचा मार्ग मागितल्यावर तोही पाखाडीने जायला लागला, तर कुठल्या तरी तुकड्यावर चुकीचा `highway` बसलेला आहे, तो शोधायला लागायचं.